कुणी मीमचा स्क्रीनशॉट पाठवून नुसतं "म्हणजे काय?" विचारलं तर उत्तर कसं द्यायचं

मागं एका पावसाळ्यात सकाळी सकाळी नाशिकच्या मावशीचा मेसेज आला. एक स्क्रीनशॉट आणि खाली फक्त "म्हणजे काय रे?" बाकी एक शब्द नाही. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला होता आणि त्यात कोल्हापूरचं काहीतरी दिसलं म्हणून तिनं मला पाठवला.

आधी चित्र काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं ह्याच एका चित्रावर समजावणार आहे. छोटी टोपी घातलेलं एक पिवळसर कुत्रं खुर्चीवर बसलंय, टेबलावर कप आहे, खोलीला सगळीकडनं आग लागलीय आणि कुत्रं मात्र शांत. वरच्या पांढऱ्या पट्टीत लिहिलंय "राजाराम बंधारा ४२ फूट ३ इंच". कुत्र्याच्या तोंडी "अजून ९ इंच हाईत की भावा, चहा घे". आणि त्याखाली एकाची कमेंट, "सुतारवाड्यात येऊन म्हण हे". बास.

मी गाडी काढायच्या गडबडीत होतो, म्हणून पटकन लिहून टाकलं की अगं ते इंटरनेटवरचं फेमस कुत्रं आहे, घर जळत असताना पण सगळं ठीक आहे म्हणत बसतंय, त्याचा विनोद आहे. ती "बरं" म्हणाली. रात्री साडेनऊला फोन. "अरे पण आग कुठं लागलीय? आणि पाणी येणार का नाही ते सांग ना, पोरगी तिथं एकटी आहे." तिची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, तेव्हा कोल्हापुरात शाहूपुरीत रूम घेऊन राहत होती. म्हणजे बाई दिवसभर काळजीत आणि मी तिला कुत्र्याची माहिती दिलेली. मी लिहिलेलं एकही वाक्य चूक नव्हतं, पण तिनं जे विचारलं होतं ते त्यात नव्हतंच.

तेव्हापासून माझी एक पद्धत ठरलीय. आमच्या घरात आणि ऑफिसात असे स्क्रीनशॉट समजावून सांगायचं काम माझ्याकडंच येतं, त्यामुळं ती बऱ्यापैकी घासून झालीय.

आधी स्क्रीनशॉट वाचायचा, मीम नंतर

मीम आणि मीमचा स्क्रीनशॉट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथंच बहुतेकांची गल्लत होते. मीम म्हणजे चित्र आणि त्यावरचा मजकूर. स्क्रीनशॉट म्हणजे कुणीतरी ते बघत असताना, कुठल्या तरी दिवशी, कुठल्या तरी कमेंटसकट फोनवर पकडलेलं. विचारणाऱ्याचा प्रश्न कधी मीमवर असतो, कधी कमेंटवर, आणि कधी ते कुणी पाठवलं ह्यावर. म्हणून मधल्या चित्राकडं जायच्या आधी बोटांनी झूम करून चारी कडा बघायच्या.

वर फोनची पट्टी दिसत असली तर तिथं वेळ असते, तारीख बहुतेक वेळा नसते. नाव दिसतंय का कापलंय, आणि कापलं असलं तर मुद्दाम कापल्यासारखं वाटतंय का. खाली कमेंट आहे का, आणि कमेंटखाली बारीक करड्या अक्षरात काय लिहिलंय. मावशीच्या स्क्रीनशॉटमधी कमेंटखाली `104w` असं होतं. इन्स्टाग्राम कमेंटचं वय आठवड्यात दाखवतं, तर १०४ आठवडे म्हणजे दोन वर्षं. म्हणजे ज्यानं कुणी तो स्क्रीनशॉट काढला त्यानं काढताना ती कमेंटच दोन वर्षांची झालेली होती, मग मीम त्याच्याही आधीचं. ४२ फूट ३ इंच हे त्या दिवशीचं पाणी नव्हतंच! मावशीला सकाळी एवढं एक वाक्य मिळालं असतं तर तिचा दिवस नीट गेला असता. ती चार अक्षरं मी सकाळी बघितलीच नव्हती.

तारखेचं अजून एक सांगून ठेवतो, कारण ह्यात हुशार माणसं पण फसतात. व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलेल्या फोटोचं फाइलनाव `IMG-20230720-WA0012.jpg` असं काहीतरी असतंय आणि लोक म्हणतात बघ तारीख आहे की. ती तारीख तुमच्या फोनवर फोटो आला त्या दिवसाची, मीम बनलं त्या दिवसाची नाही. तसंच "बऱ्याच वेळा फॉरवर्ड केलेला" ह्या अर्थाचा दोन बाणांचा शिक्का. शिक्का असला तर ते बऱ्याच हातांतनं आलंय हे नक्की, पण नसला म्हणून ताजं आहे असं नाही, कारण कुणी मधीच स्क्रीनशॉट काढून पाठवला की तो नवा फोटो धरला जातो आणि शिक्क्याची मोजणी पहिल्यापासनं सुरू होते.

मग विनोद कशावर उभा आहे ते सुटं करायचं

संदर्भावर चालणाऱ्या मीममधी बहुतेक दोन-तीन गोष्टी एकमेकांवर टेकवलेल्या असतात आणि प्रत्येक गोष्ट वेगळ्या लोकांना माहीत असते. आपल्याला सगळ्या माहीत असतात म्हणून एकदम हसू येतं, पण समोरच्याकडं एक जरी नसली तर सगळंच बंद पडतं. मी वहीत नाही पण मनात त्या सुट्या करतो आणि प्रत्येकीपुढं विचारतो की हे कुणाला माहीत असतं.

ह्या मीममधलं पहिलं म्हणजे कुत्रं. के. सी. ग्रीन नावाच्या अमेरिकन चित्रकारानं २०१३ साली त्याच्या वेबकॉमिकमधी हे काढलं. मूळ पट्टीत सहा चौकटी आहेत, पण जगभर फिरतात त्या पहिल्या दोनच, ज्यात कुत्रं आगीत बसून "हे ठीक आहे" म्हणतं. शेवटच्या चौकटीत ते अक्षरशः वितळून जातं, ते फार लोकांनी बघितलेलं नसतं. हे कुत्रं ज्यांचं दिवसभर इंटरनेटवर येणंजाणं आहे त्यांना माहीत असतं. आणि ज्यांना माहीत असतं त्यांना आग दिसतच नाही, त्यांच्यासाठी आग म्हणजे नुसतं "संकट". मावशीला मात्र आग म्हणजे आग. वर पाण्याचा आकडा आणि खाली आग, आता ह्याचा मेळ ती कसा घालणार? म्हणून तिचा "आग कुठं लागलीय" हा प्रश्न एकदम बरोबर होता, आणि तिला कुठली गोष्ट माहीत नाही हे त्यातनंच कळत होतं.

दुसरं म्हणजे आकडा. पंचगंगेचं पाणी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. पावसाळ्यात कोल्हापुरातलं शेंबडं पोर पण हे दोन आकडे सांगेल, इथं "किती झालं?" विचारलं की फूट आणि इंचातच उत्तर येतं. ४२ फूट ३ इंच म्हणजे धोक्याला ९ इंच कमी. मीममधले ९ इंच ते हे. कोल्हापूरच्या बाहेर हा आकडा काहीच सांगत नाही, पुण्यातल्या माणसाला ४२ फूट म्हणजे फार का थोडं हे कळायचं काही साधन नाही.

तिसरं आमचा स्वभाव. पाणी चढायला लागलं की इथली माणसं पाणी बघायला बाहेर पडतात, शिवाजी पुलाकडं गाड्या लावून उभी राहतात, आणि "एकोणनव्वदला एवढं होतं, दोन हजार पाचला इथवर आलतं" असे हिशोब चालतात. २०१९ आणि २०२१ नंतर त्या हिशोबात भीती पण मिसळलीय, शिरोलीजवळ हायवे बंद पडलेला सगळ्यांनी बघितलाय, तरी बोलण्यातला तो निवांतपणा गेला नाही. मीम टर उडवतंय ती ह्या निवांतपणाची, आणि उडवणारा पण कोल्हापूरचाच.

आता कमेंट. सुतारवाडा हा नदीच्या पाण्यात सगळ्यात आधी सापडणाऱ्या भागांपैकी, तिथल्या लोकांना दरवेळी सामान उचलून हलावं लागतं. तर "सुतारवाड्यात येऊन म्हण हे" ही गंमत नाही, तो टोला आहे. तुला ९ इंच आहेत, आमच्या दारात आलंय, असं तो म्हणतोय. ह्या एका कमेंटनं आख्ख्या स्क्रीनशॉटचा अर्थ बदलतो, आणि स्क्रीनशॉट काढणाऱ्यानं ती कमेंट कापली नाही म्हणजे त्याला बहुतेक तीच दाखवायची होती.

चित्र ओळखीचं नसलं तर

सगळी मीमं आपल्याला माहीत असतात असं नाही. मला निम्मी नसतात. तेव्हा गुगल अ‍ॅपमधल्या सर्चच्या पट्टीतलं कॅमेऱ्याचं चिन्ह दाबून तो फोटो द्यायचा, कॉम्प्युटरवर असाल तर `images.google.com` वर. पण आख्खा स्क्रीनशॉट तसाच देऊ नका, ही चूक मी बरीच वर्षं केली. वरची पट्टी, मराठी मजकूर, कमेंट हे सगळं चित्रात राहिलं की शोध त्या अक्षरांच्या मागं जातो आणि भलतंच काहीतरी आणून देतो. आधी चौकट ओढून फक्त चित्र घ्यायचं, ह्या केसमधी कुत्रं आणि आग. मूळ चित्र बऱ्याचदा पहिल्या काही निकालातच मिळतं. सापडलं नाही तर चित्रात जे दिसतंय ते साध्या इंग्रजीत टाइप करायचं, इथं `dog in burning room meme` एवढं पुरतं.

ह्यातनं फक्त साचा कळतो, म्हणजे हे चित्र लोक एरवी कशासाठी वापरतात ते. ४३ फूट काय हे तिथं कधीच मिळणार नाही. लोकल मजकूर वेगळा शोधायचा, मराठीतच, आणि त्यातला सगळ्यात विचित्र शब्द धरून. "राजाराम बंधारा पाणी पातळी" टाकलं की बातम्या निघतात. "भावा चहा घे" टाकून काही उपयोग नाही, तसं तर आख्खं गाव बोलतंय.

आणि एखादं चित्र नुसतंच सिनेमातलं किंवा सिरियलमधलं असलं तर त्या सीनमधी नेमकं काय चाललंय ते बघणं भाग आहे. नुसतं नाव सांगून भागत नाही. माणूस रडतोय का रडायचं नाटक करतोय ह्यावर विनोद उलटा होतो.

विचारणाऱ्याकडं काय कमी आहे ते ओळखायचं

"म्हणजे काय?" ह्या दोन शब्दांत निदान चार प्रश्न लपलेले असतात. शब्द कळला नाही, चित्र कळलं नाही, सगळं कळलं पण हसायचं कशाला ते कळलं नाही, आणि चौथा, जो कुणी उघड विचारत नाही, हे माझ्याबद्दल आहे का, माझ्या माणसांना ह्यात काही आहे का. मावशीचा प्रश्न चौथ्यातला होता. हा चौथा असण्याची शंका जरी आली तरी त्याचं उत्तर पहिल्या ओळीत द्यायचं, बाकी सगळं नंतर.

कसं ओळखायचं? माणूस कुठं राहतो, त्याला हे कुणी पाठवलं, आणि त्याचा ह्या विषयाशी काय संबंध. मावशी एरवी मीम पाठवत नाही, पोरगी कोल्हापुरात आहे, महिना जुलैचा, इतकं मला सकाळीच माहीत होतं. हेच मीम माझ्या ऑफिसातल्या विदर्भातल्या पोरानं विचारलं असतं तर त्याला कुत्रं माहीत असणार, आकडा नसणार, त्याला एक ओळ पुरली असती, "४३ ला इथं धोका पातळी लागते". आणि आमच्या गल्लीतल्या तात्यांनी विचारलं असतं तर उलट, ४३ त्यांना झोपेत पण माहीत, कुत्रं सांगावं लागलं असतं. मीम एकच आहे आणि उत्तरं तीन.

मग समोरच्याला उलट विचारावं का, की तुला नक्की काय कळलं नाही? माझं मत असं की नुसतं तसं विचारू नये. ज्याला कळलंच नाही त्याला काय कळलं नाही हे सांगता येत नाही, आणि मोठ्या माणसांना त्यात कमीपणा वाटतो, ते "जाऊ दे" म्हणून सोडून देतात. आपला अंदाज धरून उत्तर द्यावं आणि शेवटी एक साधा प्रश्न जोडावा, "कमेंटबद्दल विचारत होतीस का?" असा, ज्याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येईल.

उत्तर लिहायचं

माझा क्रम असा. पहिल्या ओळीत काळजीचं उत्तर आणि कोण कुणाची चेष्टा करतंय ते. दुसऱ्या ओळीत जी माहिती कमी आहे ती, फक्त तेवढीच. तिसऱ्यात ती माहिती घातल्यावर विनोद कसा होतो. फोनच्या एका स्क्रीनवर मावलं पाहिजे, त्याच्यापुढं गेलं की लोक वाचत नाहीत आणि वाचल्यासारखा अंगठा टाकतात.

दुसरी ओळ मला सगळ्यात अवघड वाटते, कारण नुसता आकडा सांगून अंगाला लागत नाही. तिथं समोरच्याच्या गावातली एखादी गोष्ट सापडली तर काम सोपं होतं. मावशी नाशिकची. नाशिकमधी गोदावरीला पूर आला की लोक दुतोंड्या मारुतीकडं बघतात, पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कंबरेला लागलं, छातीला लागलं, ह्यावरनं पुराचा अंदाज. तिला फूट-इंच सांगण्यापेक्षा हा मारुती सांगितला की एका क्षणात कळतं. फक्त एक जपायचं, मोजायची रीत सारखी आहे, पातळी सारखी नाही. ४३ फूट म्हणजे मारुतीची कंबर का छाती असलं काही मी म्हणत नाही, ते मला ठरवता येणार नाही आणि तिनं ते खरं धरलं तर उगाच घोळ.

त्या रात्री फोन ठेवल्यावर मी तिला परत लिहून पाठवलं ते असं:

"मावशी, आधी हे की चित्र दोन वर्षांपूर्वीचं आहे, आजचं नाही. आज पाणी इशारा पातळीच्या बरंच खाली आहे, मी आत्ताच बघितलं. आग कुठंच लागलेली नाही, ते कुत्र्याचं चित्र लोक 'संकट आलं तरी हा निवांत' असं दाखवायला वापरतात. तुमच्याकडं दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते बघतात ना, तसं आमच्याकडं राजाराम बंधाऱ्यावर बघतात, ४३ फुटाला धोका. चित्रात ४२ फूट ३ इंच झालंय आणि कोल्हापूरकर म्हणतोय अजून ९ इंच आहेत, चहा पिऊ. आपली आपणच केलेली चेष्टा आहे. खालची कमेंट मात्र रागानं केलेली आहे, सुतारवाड्यात पाणी आधी शिरतं म्हणून. पोरीच्या रूमबद्दल विचारत होतीस ना?"

ह्यात के. सी. ग्रीन नाही, २०१३ नाही, सहा चौकटी नाहीत. मला ते सांगायला आवडलं असतं पण तिला त्याची गरज नव्हती. कुणी पुढं विचारलं तर सांगायला राखून ठेवायचं. मोठ्या माणसांना एवढं पण वाचायचा कंटाळा येतो, त्यांना हेच व्हॉइस नोटमधी बोलून पाठवा, पण पहिलं वाक्य तेच ठेवा.

आणि "आत्ताच बघितलं" लिहायचं असलं तर खरंच बघून लिहा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचा रोजचा पाणी पातळीचा आकडा पावसाळ्यात सगळीकडं येतो, दोन मिनिटं लागतात. मीमवरनं पुराचा अंदाज काढून कुणाला धीर देऊ नये आणि घाबरवू पण नये.

जिथं अर्थ लागत नाही

काही स्क्रीनशॉट उलगडतच नाहीत. एखाद्या ग्रुपमधली खासगी गंमत असते, एका माणसाच्या टोपणनावावर सगळं उभं असतं, किंवा वरचा मूळ मेसेज कापलेला असतो आणि आपल्यापुढं फक्त त्याचं उत्तर. तिथं ओढूनताणून अर्थ लावला की तो चुकतो आणि विचारणारा तोच चुकीचा अर्थ चार ठिकाणी सांगतो. मी सरळ लिहितो की चित्राचा अर्थ हा, मजकुरातलं अमुक नाव कोण ते मला माहीत नाही, ज्यानं पाठवलं त्याला विचार. दोन अर्थ निघत असतील तर दोन्ही लिहायचे आणि कशावरनं ठरेल ते पण लिहायचं. ह्याच मीममधी कमेंट कापलेली असती तर हे कोल्हापूरकरानं स्वतःवर केलंय का बाहेरच्यानं कोल्हापूरवर केलंय हे नक्की सांगता आलं नसतं, "हाईत की भावा" ह्या बोलीवरनं अंदाज करता येतो एवढंच, आणि बोली तर कुणीपण उसनी घेतो.

जातीवर, धर्मावर किंवा कुणाच्या मरणावर केलेला विनोद असला तर मी तो गुळगुळीत करून सांगत नाही. हे अमुक लोकांना हिणवण्यासाठी आहे, पुढं पाठवू नको, असं स्पष्ट सांगतो. "काही नाही गं, गंमत आहे" म्हणालो तर ती निरागसपणे तेच दुसऱ्या ग्रुपवर टाकणार आणि तिथं शिव्या तिला बसणार.

पाठवल्यावर उत्तर काय येतं तिकडं लक्ष ठेवायचं. नुसतं "बरं" आलं तर बहुतेक वेळा आपलं चुकलंय, "बरं" म्हणजे विषय संपवणं. समजलं की माणूस आपलं काहीतरी जोडतो. मावशीचं दहा मिनिटांनी आलं, "हां, मग आमच्या इथं पण मारुतीचं टोपडं बुडेपर्यंत लोक भजी खात उभी असतात." आणि त्याखाली, "तिची रूम दुसऱ्या मजल्यावर आहे, तरी तू एकदा जाऊन बघ."